४१२ क्लिप टाकल्या, २६९ निघाल्या : लग्नाचं शूटिंग, रात्रभर चाललेली स्क्रिप्ट आणि मोजणीचा प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं, की छोट्या गावातल्या व्हिडिओ स्टुडिओंना श्वास घ्यायला वेळ उरत नाही. आज एकाची हळद, उद्या दुसऱ्याचा मुहूर्त, परवा तिसऱ्याचं रिसेप्शन. या धावपळीत शूटिंगवाल्याच्या हाताखालच्या मुलाचं काम कोणाला दिसत नाही. कार्ड रिकामं करणं, क्लिप कॉम्प्युटरवर घेणं आणि त्या एकेक करून 'कन्व्हर्ट' करत बसणं, असं ते काम असतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी दोन खोल्यांच्या स्टुडिओत काम करणाऱ्या अशाच एका सहायकाने हे हाताने करायचं थांबवलं. तो काही ओळींची स्क्रिप्ट लिहायला शिकला. रात्री कॉम्प्युटर सुरू ठेवून घरी जायचं आणि सकाळी सगळ्या फाइल्स तयार, इतकं ते सोपं वाटत होतं. पण पहिल्याच मोठ्या लग्नात १४३ क्लिप गायब झाल्या आणि स्क्रीनवर एकही एरर नव्हती. म्हणून त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

मुळात कन्व्हर्ट का करावं लागतं?

आजचे कॅमेरे फोरके चित्रण एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने दाबून साठवतात. त्यात सेकंदाला २५ चित्रं असली, तरी प्रत्येक चित्र पूर्ण ठेवलेलं नसतं. एक चित्र पूर्ण असतं आणि त्याच्या पुढच्या चित्रांत फक्त बदल लिहिलेला असतो. बघायला ही पद्धत छान आहे, एडिटिंगला मात्र त्रासदायक. अंतरपाट दूर होतो नेमका तिथे कट मारायचा, तर कॉम्प्युटरला मागचं पूर्ण चित्र शोधून तिथपर्यंतचे सगळे बदल उलगडावे लागतात. जुन्या मशीनवर टाइमलाइन अडखळते ती यामुळे.

उपाय म्हणजे क्लिप अशा प्रकारात बदलून घ्यायची, की प्रत्येक चित्र स्वतंत्र राहील. डीएनएक्सएचआर हा असाच एक प्रकार. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. त्याच्या 'एसक्यू' दर्जात फुल एचडीच्या एका तासाला साधारण ५४ जीबी लागतात. सहा तासांच्या चित्रणाला सव्वातीनशे जीबी. म्हणून छोट्या स्टुडिओत एक सवय पडलेली असते. नव्या फाइल्स तयार झाल्या, की मूळ क्लिप उडवायच्या आणि कार्ड पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट करायचं. ही सवय लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडणार होती.

इथे कोणी म्हणेल, की नव्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप होतं आणि रांग लावून कन्व्हर्ट करणारी मोफत सॉफ्टवेअरही मिळतात. खरं आहे. पण या स्टुडिओतलं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि काम वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं. फाइल उघडा, प्रकार निवडा, नाव द्या, सेव्ह करा. एका क्लिपला ४० सेकंद धरले, तरी ४१२ क्लिपना साडेचार तास नुसता माउस चालवायचा, तोही मशीनचं काम संपायची वाट बघत, दोन दिवसांत विखुरलेला.

स्क्रिप्ट काय होती?

त्याने एफएफएमपेग हे मोफत साधन घेतलं. त्याला खिडक्या-बटणं नसतात, हुकूम टाइप करावा लागतो. पहिली संध्याकाळ एका चिन्हात गेली. विंडोजमध्ये तोच हुकूम काळ्या खिडकीत थेट टाइप केला तर `%f` लिहायचं आणि .bat फाइलमध्ये लिहिला तर `%%f`. त्याने फाइलसाठीची ओळ थेट टाइप केली आणि `%%f was unexpected at this time.` एवढंच उत्तर आलं. दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर नाव अवतरणात नसल्यास ते अर्ध्यातच तुटतं. हे दोन्ही सुटल्यावर अशी ओळ उभी राहिली :

```
for /r %%f in (*.mp4 *.mov) do ffmpeg -y -i "%%f" -vf scale=1920:1080 -r 25 -c:v dnxhd -profile:v dnxhr_sq -pix_fmt yuv422p -c:a pcm_s16le "F:\hd\%%~nf.mov"
```

अर्थ सरळ आहे. या फोल्डरमधली आणि त्याच्या आतल्या फोल्डरमधली प्रत्येक क्लिप घे, फुल एचडी कर, सेकंदाला २५ चित्रं ठेव आणि त्याच नावाने F ड्राइव्हवर लिही.

यातलं `-r 25` पाहुण्यांच्या मोबाइल क्लिपसाठी होतं. मोबाइल बऱ्याचदा चित्रांचा वेग कमी-जास्त करत राहतो. अशी क्लिप टाइमलाइनवर टाकली, की काही मिनिटांनी आवाज आणि चित्र वेगळे पडतात. ढोलाचा ठोका आधी ऐकू येतो आणि टिपरू नंतर पडताना दिसतं. ठरावीक वेग दिला, की हे थांबतं. मात्र सेकंदाला ५० चित्रांनी मुद्दाम घेतलेले स्लो मोशनचे शॉट या ओळीतून गेले, तर निम्मी चित्रं कायमची जातात. ते बाजूलाच ठेवावे लागतात.

आणि `-y`? घात तिथेच झाला.

१४३ क्लिप कुठे गेल्या?

आधीच्या एका छोट्या कार्यक्रमात स्क्रिप्ट रात्रभर जागच्या जागी थांबून राहिली होती. तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली होती, त्यामुळे त्या नावाची फाइल आधीच होती आणि एफएफएमपेग 'वर लिहू का?' असं विचारून उत्तराची वाट बघत बसलं होतं. उत्तर द्यायला रात्री कोण असणार? म्हणून त्याने `-y` घातलं. म्हणजे प्रत्येक वेळी आधीच 'हो'.

मोठ्या लग्नाला दोन कॅमेरे होते. पहिल्याच्या २१४ क्लिप, दुसऱ्याच्या १४३ आणि पाहुण्यांच्या मोबाइलवरच्या ५५. एकूण ४१२. सकाळी F ड्राइव्हवर २६९ फाइल्स होत्या. स्टुडिओचा मालक घाईत होता, दुपारी दुसरा मुहूर्त. 'झालं ना? मग कार्डं मोकळी कर,' तो म्हणाला. मुलाने फोल्डरवर राइट क्लिक करून आकडा पाहिला आणि म्हणाला, 'दादा, थांबा. कमी आहेत.'

४१२ मधून २६९ गेले, की १४३ उरतात. म्हणजे बरोबर दुसऱ्या कॅमेऱ्याच्या क्लिपइतक्या. कारण आकड्यातच होतं. एकाच कंपनीचे दोन्ही कॅमेरे रिकाम्या कार्डावर पहिल्या क्लिपला C0001.MP4 असंच नाव देत होते. मूळ क्लिप वेगवेगळ्या फोल्डरमध्ये होत्या, म्हणून तिथे टक्कर नव्हती. नव्या फाइल्स मात्र एकाच फोल्डरमध्ये पडत होत्या. पहिल्या कॅमेऱ्याची C0001 तयार झाली, नंतर दुसऱ्याची C0001 तिच्यावर लिहिली गेली. असं १४३ वेळा.

आणि गायब झाल्या त्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या नव्हत्या. पहिल्या, म्हणजे स्टेजसमोरच्या मुख्य कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या १४३ क्लिप गेल्या होत्या. हळदीपासून मंगलाष्टकांपर्यंतचं सगळं त्यांत होतं. फोल्डर उघडून पाहिलं असतं, तर C0001 पासून C0214 पर्यंत नावं सलग दिसली असती. कुणालाही शंका आली नसती.

मूळ क्लिप अजून कार्डांवर आणि ड्राइव्हवर होत्या म्हणून निभावलं. तासाभराने नसत्या.

इथे दोष मुलाच्या अर्धवट ज्ञानाचा, असं म्हणणं सोपं आहे. पण हाताने काम करताना 'ही फाइल आधीच आहे, बदलू का?' असं विचारणारी खिडकी येते आणि माणूस थबकतो. स्क्रिप्टने तो कंटाळा घालवला आणि त्याच्याबरोबर ते थबकणंही गेलं. ते मुद्दाम परत आणावं लागतं. ज्या स्टुडिओत स्क्रिप्ट आली आणि मूळ क्लिप लगेच उडवायची सवय तशीच राहिली, तिथे धोका पूर्वीपेक्षा वाढला आहे, हे मालकांनी मान्य करायला हवं.

मग दुरुस्ती काय केली?

त्याने प्रत्येक कॅमेरा वेगळा चालवायला घेतला आणि नव्या नावाच्या पुढे कॅमेऱ्याचं नाव जोडलं :

```
for %%f in ("%~1\*.mp4" "%~1\*.mov") do ffmpeg -n -i "%%f" -vf scale=-2:1080 -r 25 -c:v dnxhd -profile:v dnxhr_sq -pix_fmt yuv422p -c:a pcm_s16le "F:\hd\%~2_%%~nf.mov"
```

ही ओळ hd.bat मध्ये ठेवून `hd.bat E:\lagna\cam1 cam1` असं म्हटलं, की फाइल cam1_C0001.mov होते. `-y` च्या जागी `-n` आलं, म्हणजे आधीची फाइल असेल तर हात लावू नकोस. आणखी एक बदल दिसतो, `scale=-2:1080`. पहिल्या ओळीने मोबाइल उभा धरून काढलेल्या क्लिपही आडव्या चौकटीत ताणल्या होत्या आणि नवरीची मावशी दुप्पटीहून रुंद दिसत होती. आता उंची १०८० राहते आणि रुंदी प्रमाणात ठरते.

`-n` मध्येही एक खाच आहे, ती त्याला लाइट गेल्यावर कळली. मध्यरात्री वीज गेली तेव्हा चालू असलेली क्लिप अर्धवट राहिली. सकाळी स्क्रिप्ट पुन्हा लावली, तर तिने ती अर्धी फाइल 'आधीच आहे' म्हणून सोडून दिली. शेवटी मोजणी बरोबर आली, एक फाइल मात्र उघडेना. म्हणून आता मोजणीबरोबर तो लांबीही तपासतो :

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 "F:\hd\cam1_C0087.mov"
```

याचं उत्तर सेकंदांत येतं. मूळ क्लिप आणि नवी क्लिप यांत किरकोळ फरक चालतो, दहा-वीस सेकंदांचा नाही. मध्येच तुटलेल्या फाइलवर `moov atom not found` असं येतं. अशी फाइल उडवून स्क्रिप्ट पुन्हा लावायची, तेवढी एकच क्लिप नव्याने होते.

मशीनला लागणारा वेळ यात काही कमी झाला नाही, तो पूर्वीइतकाच आहे. वाचले ते मुलाचे साडेचार तास. त्या वेळात तो आता एडिटिंगला बसतो. रोज मात्र अजून हाताखालच्या मुलाचाच मिळतो, कारण मालकाच्या हिशेबात 'कन्व्हर्ट तर कॉम्प्युटर करतो'. कार्ड फॉरमॅट करण्याआधी मात्र तो मांडवातून फोन करून विचारतो, 'आकडा जुळला का रे?'