सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका कशी काढावी?



बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावी मुले घरी मराठी बोलतात, पण दहावीची परीक्षा भोपाळच्या मंडळाची देतात. रावेरकडील आप्त प्रेमाने महाराष्ट्रातील सराव-प्रश्नपत्रिका पाठवितात. तिकडे विज्ञानाचे दोन भाग असून प्रत्येकाची लेखी परीक्षा 40 गुणांची असते; इकडे विज्ञानाची एकच प्रश्नपत्रिका. म्हणून उसनी प्रश्नपत्रिका न वापरता आपल्याच अभ्यासक्रमावरून ती काढणे इष्ट. त्यासाठी शिक्षक ‘संविधान तक्ता’ वापरतात. वार्षिक परीक्षेचा तक्ता मंडळच देते. घटक चाचणीचा आपण करावयाचा असतो.

समजा, विज्ञानाचे तीन पाठ 50 तासिकांत शिकवून झाले: जैविक प्रक्रिया 20, प्रकाश 16 आणि रासायनिक अभिक्रिया 14. चाचणी 25 गुणांची आहे. तासिकांच्या प्रमाणात गुण वाटले असता अनुक्रमे 10, 8 व 7 येतात. नंतर प्रश्नांचे प्रकार ठरवावेत: एकेक गुणाचे सात वस्तुनिष्ठ, दोन गुणांचे पाच लघुत्तरी आणि चार गुणांचे दोन दीर्घोत्तरी, म्हणजे 7, 10 व 8.

आता कागदावर पाठ आडव्या ओळींत व प्रकार उभ्या रकान्यांत मांडावेत. मोठे प्रश्न आधी बसवावेत, कारण त्यांना जागा थोडी असते. जैविक प्रक्रियेला एक दीर्घोत्तरी, दोन लघुत्तरी व दोन वस्तुनिष्ठ दिले की दहा गुण होतात. प्रकाशाला एक दीर्घोत्तरी, एक लघुत्तरी व दोन वस्तुनिष्ठ. उरलेले दोन लघुत्तरी व तीन वस्तुनिष्ठ रासायनिक अभिक्रियेला जातात. आडवी व उभी अशा दोन्ही बेरजा 25 आल्या, तरच तक्ता जुळला. प्रश्न लिहावयास घ्यावेत ते यानंतर.

येथे दोन चुका वारंवार घडतात. पहिली ‘किंवा’ची. जैविक प्रक्रियेवरील दीर्घोत्तरी प्रश्नाला रासायनिक अभिक्रियेचा पर्याय दिला, तर तो निवडणाऱ्या मुलाची परीक्षा पहिल्या पाठावर सहाच गुणांची आणि तिसऱ्यावर अकरा गुणांची होते. तेव्हा पर्याय त्याच पाठातील व तितक्याच कठीणपणाचा असावा.

दुसरी चूक बेरजेत दिसत नाही. सगळे प्रश्न ‘व्याख्या लिहा’, ‘नावे सांगा’ असेच असले, तरी तक्ता जुळतो. परीक्षा मात्र केवळ पाठांतराची होते. यासाठी प्रत्येक प्रश्नापुढे ज्ञान, आकलन की उपयोजन, हे लिहून त्यांचे गुण वेगळे मोजावेत. ‘अंतर्वक्र आरशाचे उपयोग लिहा’ हे ज्ञान. वस्तूचे अंतर देऊन प्रतिमेचे स्थान काढावयास सांगणे हे उपयोजन.

शेवटी उत्तरे स्वतः लिहून पाहावीत आणि गुणांची फोड त्याच वेळी करावी. हृदयाच्या प्रश्नात आकृतीला एक, भागांच्या नावांना एक व रक्ताच्या मार्गाला दोन, अशी ती असावी. फोड करता येत नसेल, तर प्रश्न संदिग्ध आहे असे समजून तो बदलावा. मग पेपर तपासल्यावर मूल कोणत्या पाठात, कोणत्या पायरीवर अडले हे नेमके कळते. सराव परीक्षा घ्यावयाची ती याचसाठी.