शेकडा साडेतीन, पहिल्या दिवसापासून

या आठवड्यात गेवराईचे एक गुरुजी क्रेडिट कार्डाचं बिल घेऊन घरी आले. पाचशे रुपये बाकी ठेवले, तर साडेनऊशेच्या वर आकारणी लागली. बँकेचं चुकलं असेल, असं त्यांना वाटत होतं. हिशेब केला. चूक नव्हती, आणि माझा संताप त्याचाच आहे.

5 जुलैला त्यांनी बीडच्या सुभाष रोडवरून 20,000 चा फ्रीज घेतला. बिल 20 जुलैला निघालं, मुदत 9 ऑगस्टची. त्या दिवशी त्यांनी 19,500 भरले. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे बारा महिन्यांचे 42. वीस हजारांवर वर्षाला 8,400, रोजचे 23 रुपये. पूर्ण बिल मुदतीत भरलं असतं तर हे सगळं माफ होतं. पाचशे राहिले आणि माफी गेली, तीही पूर्ण वीस हजारांवरची. व्याज बिलाच्या तारखेपासून किंवा मुदत संपल्यापासून धरत नाहीत. ते 5 जुलैपासून, म्हणजे खरेदीच्या दिवसापासून धरतात. 9 ऑगस्टपर्यंत 35 दिवसांचे 805 रुपये झाले. उरलेल्या पाचशेवर 20 ऑगस्टच्या बिलापर्यंत 11 दिवसांचे जेमतेम 6. त्यावर 18 टक्के जीएसटी, 146 रुपये. पैसे धरून एकूण 958.

सावकार ‘शेकडा तीन’ म्हणाला की आपल्याकडचा अडाणी माणूसही बोटांवर छत्तीस मोजतो आणि दचकतो. कार्डाचा साडेतीन मात्र शिकलेल्यालाही बारीक वाटतो. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्याकडून बिनतारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बँकांना तो कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. माझ्या मते त्या दिवशी ग्राहकाचं नुकसान झालं.

आणि 42 हाही सरळव्याजाचा आकडा. दरमहाचं व्याज मुद्दलात मिळत गेलं, तर शंभराचे वर्षाअखेर 151 होतात. ‘किमान रक्कम’ भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज नाही. गुरुजींनी 9 ऑगस्टला किमान म्हणून हजारच भरले असते, तर व्याज आणि जीएसटी मिळून 1,234 लागले असते. हजार भरूनही कर्ज 20,234 वर गेलं असतं.

आता काय करू, त्यांनी विचारलं. बिलावरची पूर्ण रक्कम भरा, मी सांगितलं, आणि भरण्याच्या दिवसापर्यंतचं थोडं व्याज पुढच्या बिलात येईल, तेही भरा. मग त्यांनी हळूच सांगितलं की 22 ऑगस्टला त्याच कार्डावर फवारणीचं औषध घेतलंय. जुनी बाकी असताना घेतलेल्या त्या औषधालाही माफीचे दिवस नाहीत. त्याचं व्याज 22 तारखेपासूनच चालू आहे.