पॅनेलने उसनी घेतलेली वीज

छतावर सोलर बसवायचे ठरले की घरातले कोणी ना कोणी हटकून विचारते, "ते पॅनेल बनवायलाच एवढी वीज जाते म्हणे. मग ती भरून तरी निघते का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वर्षांत मोजता येते.

एखादी वस्तू घडवताना जी ऊर्जा खर्च होते, तिला त्या वस्तूची अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. पॅनेलच्या बाबतीत ती जगाकडून आगाऊ उसनी घेतलेली असते. छतावर आल्यावर ते ऊन्हातून वीज करून ही उसनवारी फेडू लागते. पूर्ण फेडायला जितका काळ लागतो, तो ऊर्जा-परतफेडीचा काळ. यावर व्याज चढत नाही, म्हणून हिशेब सरळ भागाकाराचा आहे.

ही ऊर्जा जाते कुठे? सर्वांत मोठा वाटा सिलिकॉनचा. गारगोटीसारखा शुभ्र क्वार्ट्झ दगड कोळशासोबत विजेच्या भट्टीत तापवून आधी साधे सिलिकॉन काढतात. ते पॅनेलला चालत नाही, फार शुद्ध हवे असते. म्हणून त्याचा वायू करून, सुमारे १,१०० अंश तापलेल्या कांड्यांवर तो पुन्हा घन रूपात बसवतात. एवढ्यासाठी एका किलोमागे पन्नास-साठ युनिट वीज लागते. मग ते १,४०० अंशांवर वितळवून त्याचा गोल ठोकळा ओढतात आणि तारेने कागदासारख्या पातळ चकत्या कापतात. कापताना काही सिलिकॉनचा भुसा होतो, त्यावर झालेला खर्चही हिशेबात येतो. त्यानंतर काच, ॲल्युमिनियमची चौकट, इन्व्हर्टर आणि छतावरचा सांगाडा.

आता एका घराचा हिशेब करू. छतावर ३ किलोवॅटचा संच आहे. तो घडवायला ४,५०० युनिट विजेइतकी ऊर्जा लागली असे धरू. महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते, म्हणजे हा संच रोज १२ युनिट देईल. वर्षाला झाले ४,३८०. म्हणजे वर्षभराने उसनवारी जवळजवळ फिटली. आजच्या सिलिकॉन पॅनेलसाठी अभ्यासकांचे आकडेही, ऊन्हाच्या प्रमाणानुसार, साधारण अर्धे ते दीड वर्ष असेच येतात. पॅनेल दरवर्षी थोडे मंदावते, साधारण अर्धा टक्का. ते धरूनही पंचवीस वर्षांत १ लाखाच्या आसपास युनिट मिळतात. मध्ये एकदा-दोनदा इन्व्हर्टर बदलावा लागला, तरी घेतले त्याच्या वीसपट परत दिले.

मग वीज भरून निघत नाही ही समजूत आली कुठून? जुन्या काळातून. वीस वर्षांपूर्वी एका वॅटमागे सुमारे १६ ग्रॅम सिलिकॉन लागे, आता दोन-तीन ग्रॅम पुरते, कारण चकत्या पातळ झाल्या आणि त्यातून वीजही जास्त निघू लागली. तेव्हा परतफेडीला कित्येक वर्षे लागत. ते आकडे अजून तोंडोतोंडी फिरत आहेत.

दुसरा घोळ मोजमापाचा. कोळशाच्या वीजकेंद्रात एक युनिट वीज करायला जवळजवळ तीन युनिट उष्णता जाळावी लागते. कुणी कारखान्याचा खर्च उष्णतेत मोजला आणि पॅनेलचे उत्पन्न विजेत, तर परतफेडीचा काळ फुकाच तिप्पट दिसतो. दोन्ही बाजूंना एकच माप हवे.

घरासाठी महत्त्वाचे हे, की हा काळ कारखान्यात जेवढा ठरतो तेवढाच आपल्या छतावरही ठरतो. पॅनेलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची सावली मोजक्या सेलवर पडली तरी माळेचा मोठा भाग मंदावतो. सावली आणि धुळीमुळे आपल्या संचाचे १२ युनिट ८ वर आले, तर तीच परतफेड दीड वर्षावर जाते. म्हणून बसवण्याआधी सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत टाकीची, शेजारच्या इमारतीची आणि झाडाची सावली कुठे फिरते ते पाहावे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, तेही लक्षात घ्यावे.

नंतर महिन्याच्या एक तारखेला सोलर मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवावा. पावसाळ्यात तो उतरणारच. पण स्वच्छ ऊन्हाच्या मार्चमध्ये गेल्या मार्चपेक्षा बरेच कमी युनिट दिसले, तर धूळ, नवी सावली किंवा सैल जोडणी शोधावी.

आणि पैशांचा हिशेब वेगळा ठेवावा. पैसे वसूल होण्याचा काळ विजेच्या दरावर, अनुदानावर आणि आपल्या वापरावर ठरतो आणि तो बहुधा बराच मोठा असतो. "सोलर वसूल व्हायला पाच वर्षे लागली" असे कुणी म्हणाले, तर ते रुपये होते. पॅनेल घडवताना लागलेली वीज तोवर केव्हाच फिटलेली असते.