हरवलेली किल्ली आणि कपाटाचे कुलूप

उज्जैनला फ्रीगंजमध्ये आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली. दुसरी किल्ली होती, परंतु ती कपाटाच्याच आतल्या कप्प्यात! शेताच्या खसऱ्याचे कागदही तेथेच होते, आणि दोन दिवसांनी ते तहसील कचेरीत दाखवावयाचे होते. घरधनी पहार घेऊन आले. वहिनींनी त्यांना अडविले, हे बरे झाले.

लाकडी कपाटाला बहुधा साधे कॅम लॉक असते. किल्ली फिरविली की मागची लोखंडी जीभ पाव फेरा फिरून चौकटीच्या आड अडकते. दार त्या एकाच जागी धरलेले असते. म्हणून वरचा कोपरा ओढला की फट पडते. असे कुलूप बिघडले तर मधोमध ड्रिलने भोक पाडून काढावे. नुकसान एका स्वस्त कुलपाचे.

मल्टिपॉइंट कपाटाचे तसे नव्हे. तेथे मूठ फिरविली की एक सळी वर, दुसरी खाली सरकते, व बाजूलाही खिळ बसते. किल्ली सळ्यांना हलवीत नाही, ती केवळ मूठ अडवून धरते. पहारीने दार उचकटले तर सळ्या व पत्रा वाकतो, आणि मग खरी किल्ली सापडली तरी दार उघडत नाही.

वहिनींनी किल्लीवाल्यास बोलाविले. त्याने कोऱ्या किल्लीस मेणबत्तीची काजळी लावून ती कुलपात घातली, हलकेच फिरविली व बाहेर काढली. आतल्या पट्ट्या जेथे दाबल्या गेल्या तेथे काजळी पुसली गेली होती. तेवढेच त्याने कानशीने घासले, पुन्हा काजळी लावली, पुन्हा घासले. पाऊण तासाने किल्ली फिरली. तरी मूठ हलेना! तेव्हा त्याने दार गुडघ्याने आत रेटले आणि मूठ सहज फिरली. खालची सळी गंजून भोकात रुतली होती, हे दार उघडल्यावर दिसले. किल्ली फिरूनही मूठ हलत नसेल, तर नवे कुलूप घेण्याआधी दार असे रेटून पाहावे. उलट, मूठ मोकळी फिरते पण दार सुटत नाही, असे असेल तर दोष कुलपाचा नसून सळीची पिन निसटलेली असते.

कॅम लॉक बदलावयाचे असल्यास जुने कुलूप दुकानी घेऊन जावे. नळीची जाडी व लांबी आणि जिभेची लांबी जुळली पाहिजे. जीभ कोणत्या बाजूस फिरते तेही पाहावे. बसविल्यावर दार उघडे ठेवूनच किल्ली दोनदा फिरवून पाहावी, नाहीतर पुन्हा किल्लीवाला! कुलपावर क्रमांक कोरलेला असल्यास तो वहीत लिहून ठेवावा, म्हणजे काही बनावटींची किल्ली त्यावरून मिळते. ती वही मात्र कपाटात नको.

वहिनींची दुसरी किल्ली आता जाऊबाईंच्या घरी आहे.