ठोकळ्यांत ‘सोल्ड’ नव्हताच

भोकरदनची माझी भाची रोज रात्री घरच्या ग्रुपवर इंग्रजी शिकायच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकते. स्ट्रीक ११२ दिवस, आजचे पॉइंट ८५, ‘भूतकाळ’ पाठात अचूकता ९० टक्के. खाली अंगठे पडतात. मेहुण्यांचं म्हणणं एकच, “गुरुजी तोंड पाहून मार्क देतात, ॲप देत नाही.”

ॲप तोंड पाहत नाही, हे खरं. पण ते मोजतं काय? स्ट्रीक म्हणजे हजेरीपट. दोन-तीन मिनिटांच्या एका पाठात दिवस भरतो, आणि काही ॲपांत बुडालेला दिवस ‘फ्रीझ’ वापरून झाकताही येतो. पॉइंट ही रोजंदारी. जुना सोपा पाठ पुन्हा गिरवला तरी पदरात पडते.

अचूकतेचा आकडा जास्त फसवतो, कारण तो मार्कांसारखा दिसतो. दिवाळीत तिच्या शेजारी बसून मी तो पाठ पाहिला. प्रश्न २०. त्यांतल्या १६ प्रश्नांत शब्दांचे तयार ठोकळे ओळीत लावायचे होते, ४ वाक्यं स्वतः टाइप करायची होती. ठोकळ्यांचे सगळे बरोबर, टाइप केलेल्यांतली दोन चुकली. २० पैकी १८, म्हणून ९०. नुसतं लिहिण्याचं पाहिलं, तर निम्मंच. ‘मी मोसंबी विकली नाही’ हे वाक्य ठोकळ्यांनी बिनचूक जमलं होतं, कारण ठोकळ्यांत ‘सेल’ होता, ‘सोल्ड’ नव्हताच. चुकायला जागाच ठेवली नव्हती! तेच वाक्य मी वहीत लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, ‘आय डिड नॉट सोल्ड’.

“मग ॲप काढूनच टाकू का?” मेहुणे चिडले. मुळीच नाही. स्क्रीनशॉटमधली पाठवार ओळ कामाची आहे, फक्त ती निकाल म्हणून वाचू नये. ‘कुटुंब’ ९८ आहे तो चौथ्यांदा गिरवल्यामुळे. ‘भूतकाळ’ ९० आहे तो नव्यानं झुंजल्यामुळे. घसरलेला आकडा वही कुठं उघडायची ते दाखवतो, मूल मागं पडलं असं नाही.

परीक्षा वेगळीच घ्यावी लागते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणारं ‘असर’ सर्वेक्षण घरोघर जाऊन मुलाला समोर बसवून वाचायला लावतं. ज्या वर्षांत इंग्रजीची चाचणी घेतली, त्या वर्षांत शब्द-वाक्यं वाचून झाल्यावर अर्थही विचारला. तिथं ठोकळे नसतात. आम्ही घरी लिहिण्यासाठी तसंच केलं. ‘भूतकाळ’चा पाठ आठवडाभर उघडायचा नाही, मग फोन बाजूला ठेवून पाच नवी मराठी वाक्यं इंग्रजीत लिहायची. स्पेलिंग सोडून द्यायचं, क्रियापद तेवढं तपासायचं. महिन्यानं पुन्हा पाच, पण वेगळी; तीच दिली तर पाठांतर मोजलं जातं.

पहिल्या खेपेला ५ पैकी २ आली. भाचीनं त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. अंगठा एकही पडला नाही. रात्री उशिरा मेहुण्यांचा मेसेज आला, “यात ‘सोल्ड’ का चालत नाही?”