मतमोजणीच्या दिवशी आपलं पोर्टल ८४ मिनिटं बंद का होतं, आणि त्यात मी काय चुकीचं लिहिलं

पोस्ट मोठी आहे, पण निवडणुकीच्या दिवशी ज्यांनी मला फोनवर झापलं त्यांनी तरी पूर्ण वाचावी.

नगरपरिषदेच्या मतमोजणीच्या दिवशी सकाळी ११:०७ ते दुपारी १२:३१ आपलं पोर्टल बंद होतं. ११:२० ला मी याच पेजवर लिहिलं होतं की 'आमच्या संकेतस्थळावर सायबर हल्ला झाल्याची शक्यता आहे'. हल्ला वगैरे काही झाला नव्हता. ते वाक्य मी कुठलीही खातरजमा न करता लिहिलं. त्यावरून एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या पक्षाच्या आयटी सेलवर आरोप सुरू केले. ती पोस्ट मी डिलीट केलेली नाही, तिच्यावर दुरुस्ती टाकली आहे. चूक माझी.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये अशा घटनेनंतर जो अहवाल लिहितात त्याला ते 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. आमच्या धंद्यात पोस्टमॉर्टेम म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या मागची खोली आणि 'अहवाल राखून ठेवला' हे वाक्य. हा अहवाल राखून ठेवत नाहीये.

निकालाचं पान उघडलं की आपला प्रोग्रॅम डेटाबेसकडे जातो, आकडे आणतो आणि पान तयार करून तुमच्या मोबाइलवर पाठवतो. डेटाबेसकडे जाण्यासाठी त्याला एक जोडणी लागते, म्हणजे कनेक्शन. दर वेळी नवं कनेक्शन जोडण्यात वेळ जातो म्हणून काही कनेक्शनं आधीच जोडून ठेवतात आणि आळीपाळीने वापरतात. या साठ्याला पूल म्हणतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या चाव्या समजा. शिपाई चावी घेतो, फाइल काढतो, चावी परत खिळ्याला अडकवतो, मग दुसरा शिपाई तीच चावी घेतो. आपल्याकडे प्रोग्रॅमच्या चार प्रती चालतात आणि प्रत्येकीला जास्तीत जास्त १५ चाव्या. एकूण ६०.

साठ चाव्या कमी नाहीत. फाइल काढायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, त्या हिशेबाने सेकंदाला ३ हजार पानं निघायला हवीत. एवढी गर्दी आपल्या तालुक्यात कधीच होणार नाही. मग अडलं कुठे?

निकालाच्या पानावर वर एक पट्टी होती, सोन्याचा आणि बाजार समितीचा भाव दाखवणारी. ती आठवडाभर आधी माझ्या आग्रहाने लावली होती, कारण तिला प्रायोजक मिळाला होता. भाव आपल्याकडे नसतात, बाहेरच्या एका सेवेकडून येतात. प्रोग्रॅम असा लिहिला होता की आधी डेटाबेसमधून निकाल काढायचा, मग त्या सेवेला भाव विचारायचा, उत्तर आलं की पान पूर्ण करायचं आणि त्यानंतर चावी परत ठेवायची. म्हणजे शिपायाने फाइल काढली, पण चावी खिशात ठेवून तो सराफाकडे भाव विचारायला गेला. रोजच्या दिवशी सराफ पटकन सांगतो, सेकंदाच्या तीन दशांश भागात शिपाई परत. त्या वेगानेही सेकंदाला २०० पानं निघतात, म्हणून आठवडाभर कुणाला काही जाणवलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी पान दर २० सेकंदांनी आपोआप ताजं होत होतं. तिसऱ्या फेरीनंतर नगराध्यक्षपदाची आघाडी फिरली आणि पुण्या-मुंबईतले आपले लोकही पान उघडून बसले. साधारण ३ हजार लोक झाले. तीन हजार भागिले वीस, म्हणजे सेकंदाला १५० पानं. २०० च्या आत आहे, चालायला हवं होतं. पण प्रत्येक पानामागे आपण त्या भाववाल्यांनाही तेवढ्याच वेळा विचारत होतो. ते गुदमरले. त्यांचं उत्तर आधी दोन सेकंदांनी, मग सहा सेकंदांनी यायला लागलं. चावी सहा सेकंद खिशात राहिली तर ६० चाव्यांवर सेकंदाला फक्त १० पानं निघतात. मागणी १५० ची. बाकीचे रांगेत.

रांगेतल्याने किती थांबायचं? कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरची मूळची मर्यादा लागू झाली, ३० सेकंद. तुमच्या मोबाइलवर तेवढा वेळ नुसतं चक्र फिरत होतं. माणूस पाच सेकंदांत पुन्हा रिफ्रेश करतो. पण त्याची आधीची मागणी रांगेतून जात नाही, ती तशीच उभी राहते. म्हणजे घरी निघून गेलेल्या माणसांसाठीसुद्धा शिपाई सराफाकडे जात होते.

आमचं सगळं तांत्रिक काम बघणारा मुलगा तेव्हा माझ्या शेजारीच होता. त्याने लॉग उघडला तर ही ओळ शेकड्यांनी:

```
QueuePool limit of size 5 overflow 10 reached, connection timed out, timeout 30.00
```

पाच कायमच्या आणि दहा जादा चाव्या संपल्या, ३० सेकंद थांबूनही मिळाली नाही, एवढाच तिचा अर्थ. उत्तर समोर होतं. पण आम्ही दोघं सर्व्हरचा पॅनल बघत होतो आणि तिथे प्रोसेसर १२ टक्के. मशीन निवांत, डेटाबेस निवांत आणि पान उघडत नाही! याच गोंधळात मी हल्ल्याची पोस्ट टाकली. खरं तर निवांत मशीन आणि लांब रांग ही जोडी दिसली की पहिला संशय इथेच घ्यायचा असतो, कुणीतरी काहीतरी धरून बसलंय. खिडकीपाशी शंभर माणसं आणि आत कारकून रिकामा, असं दृश्य आपल्याला काही नवीन नाही.

११:२५ ला सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. जेमतेम मिनिटभर चाललं. रांग पुसली गेली होती, कारण तसंच होतं.

११:४० ला आम्ही चाव्या वाढवल्या. तो बिचारा 'सर, आधी बघूया' म्हणत होता, मी म्हटलं वाढव. पंधराच्या पन्नास केल्या. चार प्रती, म्हणजे २००. पण डेटाबेस स्वतः एकूण १०० च्या वर कनेक्शन घेत नाही, ती त्याची मूळची मर्यादा आणि आम्ही ती बदललेली नव्हती. आता डेटाबेसच ओरडायला लागला:

```
FATAL: sorry, too many clients already
```

याने आणखी एक दार बंद झालं. मतमोजणी केंद्रावरून आपले दोन प्रतिनिधी आकडे भरत होते, त्यांचा फॉर्म वेगळा चालतो आणि तोवर नीट चालू होता. आम्ही सगळी कनेक्शनं खाल्ल्यावर त्यांनाही आत जाता येईना. समजा २०० मिळाली असती तरी २०० भागिले ६, म्हणजे फार तर ३३ पानं. मागणी १५० ची. वाढवण्याआधी कागदावर एवढा भागाकार केला असता तर तो अर्धा तास वाचला असता.

१२:१० ला जुना आकडा परत लावला आणि पहिल्यांदा डेटाबेसला विचारलं की बाबा, तू करतोयस तरी काय:

```sql
SELECT state, count(*) FROM pg_stat_activity
WHERE datname = current_database() GROUP BY state;
```

उत्तर आलं, `idle in transaction` ६० आणि `active` १. तो एक म्हणजे आमचाच हा प्रश्न. बाकी साठच्या साठ कनेक्शनं कुणाच्या तरी नावावर होती आणि काहीच करत नव्हती. चावी खिशात, माणूस बाहेर. तिथे पोराने कपाळावर हात मारला आणि म्हणाला, 'सर, सोन्याची पट्टी.' १२:२५ ला पट्टी काढली, १२:३१ ला पान सगळ्यांना दिसायला लागलं. गर्दी तेवढीच होती.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगण्याचं कारण प्रभाग ७. पोर्टल बंद पडलं तेव्हा आमच्या पानाचा दुसऱ्या फेरीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरत होता. स्क्रीनशॉट खरा होता, आमचाच होता. पण त्यावर ना वेळ होती ना फेरी. आघाडीवर दिसणाऱ्या उमेदवाराच्या घरापुढे गुलाल उधळला गेला. खरा निकाल ४३ मतांनी उलटा लागला. मग 'आकडे बदलले' म्हणत पोरं मतमोजणी केंद्राच्या गेटवर गेली आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ती ८४ मिनिटं पान चालू असतं तर फिरलेला आकडा लोकांनी स्वतः बघितला असता. वर माझी हल्ल्याची पोस्ट होतीच, आगीत तेल ओतायला.

आता काय बदललंय. भाव दर १५ मिनिटांनी एकदाच वेगळे आणून ठेवले जातात, वाचकाच्या पानाचा आणि त्या सेवेचा संबंध तोडलाय. सेवेने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर जुना भाव वेळेसकट दाखवायचा. निकालाचं पान दर १५ सेकंदांनी एकदा तयार होतं आणि तेच सगळ्यांना जातं. मग ३ हजार लोक असोत की ३० हजार, डेटाबेसकडे जाणारा शिपाई एकच. चावीसाठी थांबण्याची मर्यादा ३० वरून ३ सेकंद केलीय, म्हणजे अडलं तर लगेच 'थोड्या वेळाने बघा' दिसेल, चक्र फिरत राहणार नाही. ८० टक्के चाव्या बाहेर गेल्या की आम्हा दोघांच्या फोनवर मेसेज येतो. प्रत्येक आकड्यावर फेरी आणि वेळ मोठ्या अक्षरात. मोठा सर्व्हर घेतलेला नाही, त्याची गरज नव्हती.

चाचणी केली नव्हती का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. केली होती, निवडणुकीच्या महिनाभर आधी, आणि पासही झाली होती. पट्टी त्यानंतर आली. या वेळी आम्ही भावाची सेवा मुद्दाम सहा सेकंद उशिरा उत्तर देईल अशी करून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पान चाललं.

आता थोडं दुसऱ्यांबद्दल. वीस वर्षांत मी 'सर्व्हर डाउन, नागरिक हैराण' ही बातमी किती वेळा दिली असेल याची गणती नाही. दाखले, सातबारा, प्रवेश, परीक्षेचे निकाल. प्रत्येक बातमीत अधिकाऱ्याचं एकच वाक्य असतं, 'तांत्रिक अडचण होती, ती दूर करण्यात आली आहे.' मीही ते छापून मोकळा झालो. काय अडचण, किती वाजता, कुणाचे अर्ज राहिले, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे विचारलं नाही, कारण मला विचारताच येत नव्हतं. आता येतं. गिटलॅब नावाच्या कंपनीच्या माणसाकडून ३१ जानेवारी २०१७ ला चालू डेटाबेस पुसला गेला, बॅकअपही धड निघाले नाहीत, आणि त्यांनी ते सगळं जगापुढे मांडलं, दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं. गिऱ्हाईकाच्या पैशावर चालणारी कंपनी हे करते आणि आमच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या खिडकीला एक ओळ पुरते?

पुढच्या वेळी शेवटच्या तारखेला एखादं सरकारी पान अडकलं तर आम्ही संबंधित कार्यालयाला लेखी विचारणार आहोत: बंद किती वाजता पडलं, तेव्हा सर्व्हरवर ताण किती होता, रांग कुठे लागली, अर्जांची मुदत किती वाढवली. उत्तर आलं तर छापू, नाही आलं तर तेही छापू. तुमच्याकडे अडकलेल्या पानाचे स्क्रीनशॉट असतील तर वेळ दिसेल असे पाठवा.

पट्टीच्या प्रायोजकांना त्या दिवसाचे पैसे परत केलेत. ते म्हणाले, 'असू द्या हो.' तरी केले.