गर्दीला दोष देऊ नका

25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला तीनशेच्या आसपास माणसं गेली, आणि लोक म्हणाले, गर्दीच बेशिस्त. मला हे पटत नाही. वाट अरुंद, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या. पुढचा पडला तरी मागच्याला दिसत नाही. तो रेटतच राहतो. चौरस मीटरमागं सहा-सात माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत, छाती दबून उभ्याउभ्या जीव जातो. तेव्हा हात छातीपुढं आडवे धरा, चप्पल पडली तर वाकू नका, रेटा ओसरला की तिरपं सरकत निघा, भिंतीला चिकटू नका. पण खालीच माणसं मोजून थांबवणं आणि उतरायला वेगळी वाट ठेवणं, हे काम भाविकांचं नाही, बंदोबस्तवाल्यांचं आहे.